रात्री साडेबाराला जाग येते अन् वाटतं आता गेलो. रिपोर्ट सगळे नॉर्मल

काळीमाती (धागाकर्ता) | रात्री १:४०

वय ३४, यवतमाळ जिल्हा, सहा एकर वावर. दारू नाही. खर्रा होता, दिवाळीपासून बंद केला. दिवसा मला काहीच होत नाही. रात्री साडेदहाला पडलो की लगेच झोप लागते आणि साडेबारा-पाऊणच्या सुमारास खाडकन उठून बसतो. छातीत धडधड, हाताला मुंग्या, घसा कोरडा आणि एकच विचार, की हे शेवटचं. बायको पाठीवर हात फिरवते. अर्ध्या तासाने उतरतं, पण मग पहाटेपर्यंत झोप नाही.

सुरुवात ऑगस्टमध्ये झाली. माझ्या वर्गातला मित्र, वय ३५, पोळ्याच्या आठ दिवस आधी झोपेत गेला. हार्ट अटॅक म्हणाले. तिरडीला खांदा मीच दिला. त्यानंतर पंधरा दिवसांनी मला पहिल्यांदा झालं.

आतापर्यंत ईसीजी तीनदा, टू-डी इको एकदा, पट्ट्यावर पळवायची टीएमटी एकदा. थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन बरोबर. डॉक्टर म्हणतात काही नाही, टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन मी घेऊन राहिलो का ते मला घेऊन राहिलं, सांगा.

कोरोनातला ऑक्सिमीटर उशाशी असतो. गेल्या आठवड्यात लाइन रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी देऊन आलो, झोपलो, जाग आली. बोट घातलं तर ९१! तसाच गाडीला किक मारून २२ किलोमीटर सरकारी दवाखान्यात. तिथे त्यांनी लावलं तर ९८. सिस्टर हसली. मला रडू येत होतं.

कोणाला असं झालं आहे का? आणि कसं गेलं?

---

पानठेला_कट्टा | सकाळी ७:०५

भाऊ, गॅस आहे हा. शंभर टक्के. रात्री तुरीच्या डाळीचं वरण बंद कर, ओवा खा. आणि झालं की उठून बस अन् जोरजोरात खोल श्वास घे, छाती भरून. माझ्या साल्याला असंच व्हायचं.

---

गावाकडचा_पुणेकर | सकाळी ८:२०

दादा, वाचून काळजी वाटली. कर्ज किती आहे? कापसाचा भाव पडला म्हणून खचू नका. टेलिमानस १४४१६ ला फोन करा, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात. असे विचार मनात आले की एकटं राहू नका. घरातली फवारणीची औषधं दुसऱ्याकडे ठेवायला द्या.

---

काळीमाती | सकाळी ८:५५

अहो दादा, मला मरायचं नाही! मरायची भीती वाटते म्हणून तर लिहिलं. कर्ज आहे, सोसायटीचं, पण ते दर वर्षीच असतं.

---

वॉर्ड_नंबर_सात | सकाळी ११:३०

पुणेकरांवर चिडू नका. विचारलेलं बरंच असतं. मरणाची भीती आणि मरावंसं वाटणं एकाच माणसात असू शकतं. तुमच्यात नाही, हे कळलं, पुढे जाऊ.

मी वर्ध्याकडची. एका मोठ्या दवाखान्याच्या मानसोपचार वॉर्डात २६ वर्षं सिस्टर होते, आता घरी. डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी चार प्रश्न. एक, जाग येते तेव्हा स्वप्न पडलेलं असतं का? दोन, तुम्ही घोरता का, बायकोला विचारा, मध्येच श्वास अडकून गुदमरल्यासारखं होतं का? तीन, वावरात चढ चढताना, ओझं उचलताना छातीत दुखतं का, कधी चक्कर येऊन पडलात का, घरात कोणी कमी वयात अचानक गेलं का? चार, ज्या रात्री होतं त्या दिवशी फवारणी केलेली असते का?

चौथा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो. फवारणीनंतर घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांसमोर अंधुक, अंगावरचे स्नायू फडफडणं असं काही झालं तर ती भीती नसते, ती विषबाधा असते. तेव्हा धागा वाचत बसायचं नाही. अंगावरचे कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं आणि १०८.

---

काळीमाती | दुपारी १:१५

स्वप्न नाही. एकदम कोरी जाग. घोरत नाही असं बायको म्हणते (तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवा, ती माझी बाजू घेत नाही). ओझ्याचं म्हणाल तर १६ लिटरचा पंप पाठीवर घेऊन दिवसाला पंधरा पंप मारतो, काही होत नाही. घरात आजोबा ८१ ला गेले, बाबा आहेत. तुरीवरची फवारणी झाली त्याला महिना झाला.

---

वॉर्ड_नंबर_सात | दुपारी ३:५०

मग हा झोपेतला पॅनिकचा झटका दिसतो. डॉक्टरांनी तुमच्या कागदावर बहुतेक ‘अँक्झायटी’ लिहिलं असेल आणि तोंडी ‘टेन्शन’ म्हटलं असेल.

झोप लागून एक-दोन-तीन तास झाले की माणूस उथळ झोपेतून गाढ झोपेत उतरत असतो. बरेचसे झटके त्या उतरणीवर येतात. तिथे सहसा स्वप्नं नसतात, म्हणून तुमची जाग कोरी. वाईट स्वप्नाने उठलेला माणूस वेगळा, त्याला बहुधा पहाटेकडे होतं आणि काय पाहिलं ते तो सांगतो.

आता मला तुमचं पंपाचं वाक्य धरायचं आहे. १६ लिटर पाठीवर घेऊन काळ्या मातीत चालताना तुमचे ठोके मिनिटाला १३०-१४० सहज होत असतील. रात्री ऑक्सिमीटर किती दाखवतो?

---

काळीमाती | दुपारी ४:०५

११० ते ११८. एकदा १२४.

---

वॉर्ड_नंबर_सात | दुपारी ४:४०

म्हणजे दिवसापेक्षा कमी. टीएमटीत तर डॉक्टरांनी समोर उभं राहून याहून जास्त पळवलं असेल आणि हृदयाने तक्रार केली नाही. रात्री तेच हृदय कमी पळतं आणि तुम्ही मरता! फरक ठोक्यात नाही. दिवसा धडधडीचं कारण पाठीवर बांधलेलं असतं. रात्री कारण दिसत नाही, मग मेंदू ते शोधतो आणि ऑगस्टपासून त्याच्याकडे एकच उत्तर तयार आहे. उत्तर सापडलं की भीती, भीतीने ठोके वाढतात, वाढलेले ठोके म्हणजे पुरावा. हे चक्र बहुधा दहा मिनिटांत शिखरावर जातं, पण शरीराला तेवढं उसळत राहता येत नाही. मग आपोआप उतरतं.

आणि पानठेलावाले दादा, छाती भरभरून जोरात श्वास घ्यायला सांगू नका. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि हातापायाला, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. धागाकर्त्याच्या मुंग्या त्याच्याच. खोल नको, हळू हवा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोट हलेल इतकाच. तोंडावर पिशवी-बिशवी धरायची अजिबात नाही.

---

पानठेला_कट्टा | सायंकाळी ५:१०

बरं बाप्पा, चूक झाली. पण ओव्याचं मागे घेत नाही.

---

आबा_मोर्शीकर | सायंकाळी ६:३०

मी ७३ चा. नातवाच्या मोबाईलवरून लिवून राहिलो, चुकलं तं समजून घ्या.

जवान होतो तवा जागलीले जायचो. माचणीवर एकटा. एका रात्री असंच झालं, छाती धडधड, वाटलं काई तरी येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी मायनं म्हनलं बाहेरचं हाय, निंबू उतरवला. तरी आठ दिवस झालं. मंग बाप म्हने, मी येतो संगं. त्यानं काई केलं नाई. बिडी पेटवली अन् म्हने, येऊ दे, पाहू कसं असते थे. आलं, गेलं. बाप बिडी पेतच होता. त्याच्यानंतर आलं तरी मले त्याचं काई वाटे ना.

अजून एक. आमच्या गावात सांजेची सामुदायिक प्रार्थना हाय, मोझरीची पद्धत. मंडळी बसली की दिवसाले एक दार लागते. तुम्ही जाऊन पाहा.

---

वॉर्ड_नंबर_सात | सायंकाळी ७:१५

आबा, तुमच्या वडिलांनी जे केलं ते आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं. फक्त बिडीशिवाय.

धागाकर्ते, ‘येऊ दे, पाहू’ म्हणजे प्रत्यक्षात काय ते लिहिते. जाग आली की पाय खाली सोडून बाजेवर बसायचं. वहीत वेळ लिहायची. बस्स. थांबवायचं नाही, नाडी धरायची नाही, पाणी-ओवा-देव काही शोधायचं नाही. कमी होतंय असं वाटलं की परत वेळ लिहायची. हळू श्वासही पहिले काही दिवस नको, नाहीतर ‘श्वासाने वाचलो’ असं मेंदू शिकतो आणि ऑक्सिमीटरच्या जागी श्वास येऊन बसतो. काही न करता वाचलो, हे त्याला कळायला हवं.

ऑक्सिमीटर हा तुमचा खरा रोग वाढवतो. ९७ आलं की पाच मिनिटं बरं वाटतं, म्हणून उद्या परत लागतो. आणि ते ९१ बहुधा थंड बोटाचं होतं. गार पाण्यात हात घालून आल्यावर बोटात रक्त कमी पोचतं, यंत्र चुकतं. मेंदीनेही चुकू शकतं. एकदम फेकू नका, जमणार नाही. पहिला आठवडा जाग आल्यावर १० मिनिटांनी बघायचं. पुढचा आठवडा २० मिनिटांनी. नंतर ते घराबाहेर.

आणि बायकोला रोज विचारता ना, ‘मला काही होणार नाही ना’?

---

काळीमाती | रात्री ८:००

दहा वेळा.

---

वॉर्ड_नंबर_सात | रात्री ८:२०

ती ‘नाही’ म्हणते, तेही यंत्रच आहे. दोघांनी दिवसा बसून ठरवा. रात्री विचारलं की तिने एवढंच म्हणायचं, ‘ऐकलं.’ तिला वाईट वाटेल, पण आधी ठरलेलं असलं की निभतं.

---

गावाकडचा_पुणेकर | रात्री ९:४५

मग स्मार्ट वॉच चांगलं नाही का? हातालाच असतं, ईसीजी पण निघतो काहींमध्ये. मी दादांना पाठवावं म्हणत होतो.

---

वॉर्ड_नंबर_सात | रात्री ९:५०

ज्याच्या ठोक्यांत खरोखर गडबड आहे, त्याला डॉक्टर सांगतील. यांना दिलंत तर झोपेतही मनगटाकडे बघतील.

---

शाळेतली_बाई | रात्री ११:३५

मी आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, वय ५१. मी काळीमातीसारखी खाडकन उठत नाही. मला झोपच लागत नाही. दिवा मालवला की एक विचार येतो, की एक दिवस मी नसेन आणि ते ‘नसणं’ कधीच संपणार नाही. छातीत काही होत नाही, पोटात खड्डा पडतो, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसा. वर्गात ४० पोरांपुढे हसते आणि रात्री दोन वाजता छताकडे बघते. प्रार्थनेला बसून पाहिलं. बसेपर्यंत बरं वाटतं.

श्वास मोजून ‘कायम नसणं’ जातं का हो सिस्टर? खरं सांगा.

---

वॉर्ड_नंबर_सात | दुसरा दिवस, सकाळी १०:१०

नाही जात. खरं सांगते.

तुमचं आणि त्यांचं दुखणं वेगळं आहे. त्यांचा मेंदू खोटी बातमी देतो, की आत्ता मरतोयस. तुमची बातमी खरी आहे, फक्त रात्री दोन ही ती वाचायची वेळ नाही. त्या वेळी थकलेलं डोकं एकच वाक्य घोळत बसतं, पुढे सरकत नाही.

मी बायकांना सांगायचे ते दोन भागांत सांगते. पहिलं, अंथरुणात साधारण वीस मिनिटं झोप नाही लागली (घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने) तर उठायचं, मंद दिव्यात दुसऱ्या खोलीत बसायचं, कंटाळवाणं काही करायचं. तूर निवडा. पेंग आली की परत. नाहीतर अंथरूण म्हणजे मरणाचा विचार करायची जागा, असं अंगाला शिकवलं जातं.

दुसरं, त्या विचाराला दिवसा जागा द्यायची. शाळा सुटल्यावर १५ मिनिटं, रोज एकाच वेळी, वही घेऊन. रात्री विचार आला की ‘उद्या साडेपाचला’ म्हणायचं. आणि साडेपाचला खरंच बसायचं, टाळायचं नाही. लिहिताना एकच प्रश्न, यातलं नेमकं काय भितीदायक आहे? दुखणं? पोरांचं काय होईल? काम राहून जाईल? की नुसतं नसणं? बहुतेकींच्या गाठोड्यात या चार-पाच गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. काही सुटतात.

आणि जर सोबत मन उदास, भूक कमी, कशात गोडी नाही असं दोन आठवडे असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत जा. पन्नाशीच्या आसपास पाळी जाते तेव्हा झोपही मोडते, तेही डॉक्टरांना सांगा.

---

तलाठी_नाही_पण | सकाळी ११:००

बाई, ‘पोरांचं काय होईल’ यातला कागदाचा भाग मी सांगतो. बँकेत नॉमिनी टाकलाय म्हणजे तो मालक झाला असं नाही, तो वारसांसाठी पैसे ताब्यात घेतो. शेत तुमच्या नावावर असेल तर मृत्युपत्र करून ठेवा, दोन साक्षीदार लागतात. मी स्वतः केलं त्या रात्री मस्त झोपलो. पुढच्या रात्री परत जागा, ते सोडा.

---

पानठेला_कट्टा | दुपारी १२:३०

माझ्यासारखे दारूचे दोन घोट मारले की छत दिसतच नाही. अनुभवाचे बोल.

---

वॉर्ड_नंबर_सात | दुपारी १:००

दोन घोटांनी झोप लवकर लागते हे खरं. उतरली की तीन वाजता तीच डोळे उघडवते, ठोके वाढवून. अर्धं बरोबर आहात, नेहमीप्रमाणे.

---

काळीमाती | ९ दिवसांनी, सकाळी ६:५०

वहीतलं उतरवतो. पहिल्या रात्री १२:४२ ते १:१३. मध्ये दोनदा ऑक्सिमीटर घातला, ठरल्याच्या आधीच. दुसऱ्या रात्री झालं नाही. तिसऱ्या रात्री १२:३५ ते १२:५८. बायकोने ‘ऐकलं’ म्हटलं, मला एवढा राग आला की भीती थोडी विसरलो. पाचव्या रात्री सगळ्यात वाईट, खाटेचा दांडा धरून बसलो, वाटलं सिस्टर काय समजते. १२:५० ते १:०१. अकरा मिनिटं! वाटलं होतं तास झाला. सातवी, आठवी काही नाही.

एक प्रश्न. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये जिभेखाली ठेवायच्या दहा गोळ्या दिल्या होत्या. तीन घेतल्या. सात खिशात असतात, घेत नाही, पण नसल्या की वावरात जायला भीती वाटते.

---

वॉर्ड_नंबर_सात | सकाळी ९:२०

पाचवी रात्र येतेच. चांगली धरली.

खिशातली गोळीही ऑक्सिमीटरच आहे. पण गोळीचं मी इथून सांगणार नाही, दिली त्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा. तीनच घेतल्यात म्हणून अडचण नसावी. जे रोज महिनोन्‌महिने घेतात त्यांनी मात्र एका दिवसात कधीच बंद करू नये, अंगावर येतं. झटके थांबले नाहीत तर रोजच्या, सवय न लागणाऱ्या गोळ्या असतात, त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. त्या घेणं म्हणजे हरणं नाही, पण ते ओपीडीत ठरवा.

आता दिवसाचं काम. जेवणाच्या आधी, बायको घरात असताना, जागच्या जागी एक मिनिट जोरात धावा. मग बसा आणि धडधड नुसती ऐका. नाडी धरू नका. भीती दहापैकी किती ते लिहा. असं रोज तीन-चार वेळा, आकडा दोनवर येईपर्यंत. रात्रीची धडधड दिवसा ओळखीची करून ठेवायची. तुमचं हृदय तपासून झालंय म्हणून हे सांगते. ज्यांचं झालं नाही त्यांनी आधी तपासा.

---

आबा_मोर्शीकर | सकाळी १०:००

मित्राच्या घरी गेला का रे बाबू? तेरवी झाल्यावर?

---

काळीमाती | रात्री ९:३०

नाही आबा. तिकडून रस्ता आहे वावराचा, मी फेरा घेऊन जातो.

---

वॉर्ड_नंबर_सात | रात्री ९:४०

हे मी विचारायला हवं होतं.

---

शाळेतली_बाई | ४ दिवसांनी, सायंकाळी ६:१०

साडेपाचची वही चालू आहे. पोरांचं, दुखण्याचं लिहून झालं, त्याची धार गेली. ‘नुसतं नसणं’ तिथेच आहे. काल लिहिलं, जन्माच्या आधीही मी नव्हते आणि त्याचं मला काही वाटत नाही. वाचायला छान वाटलं. रात्री उपयोग झाला नाही. तूर मात्र चार पायल्या निवडून झाली.

सिस्टर, तुम्हाला वाटते का ही भीती? २६ वर्षं वॉर्डात काढल्यावर?

---

वॉर्ड_नंबर_सात | सायंकाळी ७:००

वाटते. माझे हे गेले त्यानंतर जास्त. मी अंगणात येऊन बसते. कधी जाते, कधी नाही.

---

काळीमाती | ३ आठवड्यांनी, सकाळी ७:२५

या आठवड्यात एकदाच झालं, १४ मिनिटं. मित्राच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, इतके दिवस कुठं होता रे. दोन तास बसलो. येताना धडधड होत होती, पण कारण माहीत होतं.

परवा रात्री एक वाजता कुत्री भुंकली. हरभऱ्यात रानडुकरं. बॅटरी घेऊन बांधावरून पळत गेलो, परत येऊन हातपाय धुतले, झोपलो. सकाळी चहा घेताना लक्षात आलं की छाती धडधडत होती आणि मी मेलो नव्हतो. डुकरांनी मात्र हरभऱ्याच्या दोन ओळी खाल्ल्या.

गोळ्या डॉक्टरांकडे परत नेल्या. ऑक्सिमीटर आशाताईंना दिला.

---

पानठेला_कट्टा | सकाळी ७:४०

सेल काढून घेतले का? आमच्या रिमोटला लागतात तसलेच.

---

काळीमाती | सकाळी ७:४२

घेतले ना. तीन महिन्यांनी टीव्ही सुरू झाला घरात.